मोजलेले पक्षी आणि असलेले पक्षी

गोंदिया जिल्ह्यात पक्षी मोजण्याची गोष्ट निघाली की पहिले नाव सारसाचे येते, आणि ते साहजिक आहे. महाराष्ट्रातले बहुतेक सारस याच जिल्ह्यात राहतात. दर उन्हाळ्याच्या अखेरीस, जूनमध्ये, वनविभाग, ‘सेवा’ ही स्थानिक संस्था आणि अनेक स्वयंसेवक भल्या पहाटे तळ्यांवर आणि धानाच्या शेतांवर ठाण मांडून एकाच वेळी सारस मोजतात. गेल्या काही वर्षांत ही संख्या तीस-चाळीसच्या आसपास राहिली आहे. या गणनेवर विश्वास ठेवता येतो, कारण पक्षी माणसाएवढा उंच आहे, उघड्यावर वावरतो, जोडीच्या जागा शेतकऱ्यांना ठाऊक असतात आणि सगळीकडे एकाच सकाळी मोजणी होत असल्याने एक सारस दोनदा मोजला जाण्याची भीती कमी असते. इथे मोजलेले आणि असलेले यांत अंतर फारसे नाही. अडचण अशी, की जिल्ह्यातल्या इतर बहुतेक पक्ष्यांबद्दल यातली एकही गोष्ट खरी नाही. सुभग पानाआड असतो, पर्णवटवट्या फांदीवर क्षणभरही स्थिर बसत नाही, सातभाई कधी तीन दिसतात तर कधी अकरा. प्राणिशास्त्राचा विद्यार्थी प्रकल्पासाठी हे पक्षी मोजायला निघतो तेव्हा सारसगणनेचे चित्र डोक्यात ठेवून निघतो, आणि तिथेच प्रकल्प फसायला सुरुवात होते.

लहान पक्ष्यांसाठी जगभर सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत म्हणजे पॉइंट काउंट, मराठीत बिंदुगणना. वरवर पाहता तिच्याएवढे सोपे काही नाही. ठरलेल्या बिंदूवर उभे राहायचे, ठरलेला वेळ, बहुधा पाच किंवा दहा मिनिटे, जे दिसेल आणि ऐकू येईल ते लिहायचे, मग किमान अडीचशे मीटर चालून पुढच्या बिंदूवर जायचे. फ्रान्समध्ये ब्लोंदेल, फेरी आणि फ्रोशो यांनी 1970 मध्ये मांडलेल्या पद्धतीत एका बिंदूवर वीस मिनिटे उभे राहत. अमेरिकेत 1966 पासून चालू असलेल्या प्रजनन-पक्षी सर्वेक्षणात रस्त्याकडेच्या पन्नास थांब्यांवर प्रत्येकी तीनच मिनिटे देतात. राल्फ, सॉअर आणि ड्रोगी यांनी 1995 मध्ये या पद्धतीची शिस्त घालून दिली, आणि आजचे बहुतेक आराखडे थोड्याफार फरकाने तिच्यावरच बेतलेले असतात. या सोपेपणातच मेख आहे. दहा मिनिटांनी कागदावर उतरलेला आकडा म्हणजे तिथल्या पक्ष्यांची संख्या नव्हे. त्या दहा मिनिटांत जे पक्षी हलले, बोलले किंवा उघड्यावर आले, त्यांच्यापैकी निरीक्षकाच्या ध्यानात आले तेवढ्यांचीच ती संख्या असते. म्हणजे प्रत्येक आकड्यात तीन गोष्टी गुंतलेल्या असतात: पक्षी किती होते, त्यांतल्या किती जणांनी स्वतःला प्रकट केले, आणि प्रकट झालेल्यांपैकी किती टिपले गेले. शेवटच्या दोन्ही मिळून जी बनते तिला आपण आढळशक्यता म्हणू. या प्रस्तावनेचे म्हणणे एवढेच आहे, की विद्यार्थ्याच्या प्रकल्पात बिंदू किती आणि जाती किती हे दुय्यम आहे. ज्या दोन गोष्टींची तुलना करायची, त्या दोन्हीकडे आढळशक्यता सारखी आहे का, नसेल तर ती मोजण्याची सोय आराखड्यात आहे का, हा पहिला प्रश्न आहे.

हे नीट कळण्यासाठी पावशा आणि नवरंग हे दोन पक्षी शेजारी ठेवून पाहावेत. अर्जुनी मोरगाव किंवा सडक अर्जुनी तालुक्यातल्या एखाद्या जंगलकाठी डिसेंबर-जानेवारीत बिंदुगणना केली, तर दोघांच्याही रकान्यात शून्य येण्याची शक्यता मोठी. मे-जूनमध्ये तीच गणना पुन्हा केली, तर दोघेही दणक्यात नोंदले जातील. आकड्यांवरून दोघांची गोष्ट एकच वाटते, पण ती एक नाही. नवरंग हिवाळ्यात खरोखरच नसतो. तो तेव्हा दक्षिण भारतात किंवा श्रीलंकेत असतो आणि पावसाच्या तोंडाशी मध्य भारतात विणीसाठी येतो. पावशा मात्र देशाच्या बहुतेक भागात वर्षभर राहणारा पक्षी आहे. उन्हाळ्यात तो रात्रंदिवस ओरडून डोके उठवतो आणि हिवाळ्यात तोंड मिटून पानांत बसून राहतो. शिक्र्यासारखा दिसणारा, गप्प बसलेला राखाडी पक्षी दहा मिनिटांत कोणाला सापडणार? नवरंगाचे शून्य अनुपस्थितीचे आहे, पावशाचे शून्य बहुतांशी मौनाचे. वहीत दोन्ही शून्ये सारखीच दिसतात, आणि पुढे कोणतेही आलेख काढले, कितीही सूत्रे वापरली, तरी एकदा केलेल्या मोजणीतून ती वेगळी करता येत नाहीत. वेगळी करायची असतील तर तशी माहिती मैदानावरच गोळा करावी लागते. म्हणूनच आढळशक्यतेचा विचार विश्लेषणाच्या वेळी करून चालत नाही, तो आराखड्याच्या वेळी करावा लागतो.

आता ज्या प्रकल्पाची कल्पना या भागात सर्वांत जास्त विद्यार्थ्यांना सुचते, तोच घेऊ: धानाची बांधी आणि तिला लागून असलेली जंगलाची कड, या दोन अधिवासांत पक्षी कुठे जास्त? समजा एका सकाळी बांधीतल्या बिंदूंवर मिळून बारा बुलबुल मोजले आणि जंगलकाठच्या बिंदूंवर आठ. घाईत निघणारा निष्कर्ष असा, की बुलबुलांना शेती मानवते. पण कापणी झालेल्या उघड्या बांधीत धुऱ्यावरच्या बाभळीवर बसलेला बुलबुल सहज दिसतो. समजा तिथे दहातले आठ टिपले जातात. जंगलकाठी करवंदाच्या जाळीत आणि ऐन-तेंदूच्या पानांत दहातले चारच टिपले जातात. मग बांधीत खरे बुलबुल पंधरा झाले आणि जंगलकाठी वीस. क्रमच उलटला. हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत, पण फरकाची दिशा मनची नाही. झाडोरा जितका दाट तितके पक्षी जास्त सुटतात, हे सगळीकडे दिसून आले आहे. त्यातही इथले जंगल पानगळीचे. जानेवारीत भरलेले दिसणारे रान मार्चअखेर उघडे पडते. म्हणजे एकाच जंगलबिंदूवरची आढळशक्यता एकाच सत्रात बदलत जाते, आणि फेब्रुवारीपेक्षा एप्रिलमध्ये पक्षी ‘वाढले’ असे वाटते, तेव्हा वाढ पक्ष्यांत झाली की पाने कमी झाली, हे विचारावे लागते.

वेळेचा प्रश्न याहून साधा आहे, पण त्यात चुका जास्त होतात. गोंदिया महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला आहे. इथला सूर्य मुंबईपेक्षा जवळपास अर्धा तास आधी उगवतो. मुंबई-पुण्याकडच्या प्रकल्पातले ‘सकाळी सात ते दहा’ हे वेळापत्रक उचलून इथे वापरले, तर पक्ष्यांच्या हिशेबाने अर्धा तास उशीर ठरलेलाच. त्याहून मोठी गोष्ट अशी, की विद्यापीठाचे दुसरे सत्र जानेवारीत सुरू होऊन एप्रिलपर्यंत चालते, आणि या काळात इथला सूर्योदय सुमारे एका तासाने अलीकडे सरकतो. जानेवारीच्या मध्याला तो पावणेसातच्या थोडा पुढे असतो, एप्रिलच्या मध्याला सहाच्याही आधी. घड्याळात सात वाजता सुरू होणारी गणना जानेवारीत सूर्योदयानंतर दहाएक मिनिटांनी सुरू होते आणि एप्रिलमध्ये तब्बल सत्तर मिनिटांनी. दरम्यान पक्ष्यांच्या गाण्याचा भर ओसरलेला असतो आणि उन्हाचा चटका सुरू झालेला असतो. म्हणून नोंदवहीत घड्याळाची वेळ तर असावीच, पण आराखडा सूर्योदयापासूनच्या मिनिटांत बांधावा: सूर्योदयानंतर पंधरा मिनिटांनी सुरुवात आणि तीन तासांच्या आत शेवट. त्या तीन तासांतही पहिला बिंदू आणि शेवटचा बिंदू यांना सारखी संधी मिळत नाही. दर वेळी बिंदू क्रमांक एकपासूनच सुरुवात केली, तर एक नंबरचा बिंदू कायम श्रीमंत आणि आठ नंबरचा कायम गरीब दिसेल. उपाय फुकटचा आहे, पुढच्या फेरीत उलट्या क्रमाने जायचे. तरीही बहुतेक प्रकल्पांत हे होत नाही, कारण गाडी जिथे लावली तिथून सुरुवात करणे सोयीचे असते.

ऋतू निवडताना पक्ष्यांइतकेच माणसांकडे पाहावे लागते. पक्षी गाऊ लागतात म्हणून मार्च-एप्रिल आकर्षक वाटतो, पण त्याच दिवसांत मोहफुले पडतात. फुले वेचायला अख्खी कुटुंबे उजाडायच्या आत रानात असतात, झाडाखालचा पालापाचोळा फुले दिसावीत म्हणून जाळलेला असतो, आणि अस्वलेही त्याच झाडांकडे फिरकतात. जंगलकाठच्या बिंदूवर तेव्हा माणसांची वर्दळ, धूर आणि बोलणी असतात आणि बांधी त्या मानाने शांत असते. अशा वेळी केलेली तुलना अधिवासांची राहत नाही. त्याआधी, फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून पळस फुलतो आणि मैना, कोतवाल, सूर्यपक्षी फुललेल्या झाडांवर गोळा होतात. एखादा बिंदू अशा झाडाशेजारी असला तर त्याचा आकडा एकदम फुगतो. तळ्याकाठच्या बिंदूंवर जानेवारीतले धुकेही त्रास देते, तिथे धुके निवळेपर्यंत थांबावे किंवा ती सकाळ सोडून द्यावी. या सगळ्याचा विचार करता, एका सत्रात बसणाऱ्या प्रकल्पासाठी 20 जानेवारी ते 20 फेब्रुवारी हा महिना मला सर्वांत कमी वाईट वाटतो. स्थलांतरित पक्षी स्थिरावलेले असतात, जंगलात पाने असतात तशी टिकून असतात, रानात गर्दी नसते. किंमत ही, की गाणी कमी असतात आणि आढळशक्यता खाली राहते. ही किंमत मोजता येते, मोहाच्या धुराची मोजता येत नाही.

आढळशक्यता खाली असते तेव्हा एकाच बिंदूवर पुन्हा पुन्हा जाण्याला पर्याय उरत नाही. समजा एखादी जात बिंदूवर आहे, पण एका भेटीत ती सापडण्याची शक्यता फक्त तीस टक्के आहे. एकदाच जाऊन आलो तर जिथे ती आहे अशा दर दहा बिंदूंपैकी सात बिंदू आपण रिकामे म्हणून लिहून टाकू. चार भेटी दिल्या तर निदान एकदा तरी सापडण्याची शक्यता शहात्तर टक्क्यांपर्यंत जाते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे चार भेटींतला नोंदींचा क्रम, कधी सापडली, कधी नाही, हा स्वतःच आढळशक्यतेचा अंदाज देतो. मॅकेन्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये मांडलेली व्याप्ती-पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. तिची अट अशी, की भेटींच्या काळात पक्षी बिंदू सोडून कायमचा गेलेला नसावा किंवा नव्याने आलेला नसावा. म्हणून भेटी महिनाभरात आटोपाव्यात. दोन डिसेंबरात आणि दोन एप्रिलमध्ये अशा विखरू नयेत. वेळ ठरावीक असेल, तर साठ बिंदूंवर एकेकदा जाण्यापेक्षा पंधरा बिंदूंवर चार-चारदा जाणे बरे, असे माझे मत आहे. साठ बिंदूंचा नकाशा परीक्षकांना जास्त आवडतो हे खरे, पण त्यातल्या शून्यांना अर्थ नसतो.

दुसरी माहिती अंतराची. प्रत्येक पक्षी पन्नास मीटरच्या आत होता की पन्नास ते शंभर मीटरच्या पट्ट्यात, एवढे लिहिले तरी एक सोपी परीक्षा हाती येते. पन्नास मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्र पाऊण हेक्टरच्या थोडे वर भरते, शंभर मीटरच्या वर्तुळाचे सव्वातीन हेक्टरच्या थोडे खाली. म्हणजे बाहेरचा पट्टा आतल्या वर्तुळाच्या बरोबर तिप्पट आहे. पक्षी सगळीकडे सारखे पसरलेले असतील आणि एकही सुटत नसेल, तर बाहेरच्या पट्ट्यात तिप्पट पक्षी मिळायला हवेत. बांधीत अडीचपट मिळाले आणि जंगलकाठी जेमतेम आतल्या वर्तुळाइतकेच मिळाले, तर जंगलात किती पक्षी निसटत आहेत हे सूत्राशिवायही कळते. आतल्या वर्तुळात फारच कमी आणि बाहेर भरपूर पक्षी मिळाले, तर अर्थ दुसरा निघतो: तुम्ही बिंदूकडे चालत येताना जवळचे पक्षी उडून लांब जाऊन बसले. अशा वेळी पोहोचल्यावर एक-दोन मिनिटे गप्प उभे राहून मग घड्याळ चालू करावे आणि येताना उडालेला पक्षी मूळ जागेवर नोंदवावा. अंतराचा अंदाज मात्र जपून करावा. त्रिज्येत दहा टक्क्यांची चूक क्षेत्रफळात एकवीस टक्क्यांची होते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामधल्या संशोधकांनी जंगलात ठरलेल्या अंतरांवर स्पीकर लावून पक्ष्यांची गाणी वाजवली आणि मुरलेल्या निरीक्षकांकडून ती मोजून घेतली. केवळ आवाजावरून अंतर ओळखण्यात हे तरबेज कानही सपशेल चुकत होते, आणि हलक्या वाऱ्याएवढा आवाज मिसळला तरी मोजणी घटत होती. म्हणून विद्यार्थ्याने पाच-सहा पट्ट्यांचा सोस धरू नये. दोन पट्टे, आणि आधीच दोरीने मोजून बिंदूपासून पन्नास मीटरवरच्या झाडांना किंवा धुऱ्यांना बांधलेल्या रंगीत फिती, एवढे पुरे. डोक्यावरून उडत गेलेल्या पाकोळ्या, घारी, बगळे यांचा रकाना वेगळा ठेवावा. ते त्या बिंदूचे रहिवासी नव्हेत.

तिसरी अडचण माणसाची, आणि तिच्याबद्दल बोलायला विद्यार्थी संकोचतात. दोन निरीक्षकांचे कान सारखे नसतात. अमेरिकी सर्वेक्षणाच्या नोंदी तपासल्यावर असे दिसले, की तोच माणूस तोच मार्ग मोजत असला तरी त्याच्या पहिल्या वर्षाचे आकडे पुढच्या वर्षांपेक्षा कमी येतात. पक्षी तेवढेच असतात, माणूस शिकत असतो. चार जणांच्या गटात हे शिकणे पहिल्या आठवड्यात सर्वांत वेगाने होते, म्हणून पहिल्या तीन-चार सकाळच्या नोंदी सरावाच्या समजून बाजूला ठेवाव्यात, मुख्य माहितीत मिसळू नयेत. ज्याला आवाज चांगले कळतात त्याला जंगलात आणि नवख्याला उघड्या बांधीत पाठवण्याचा मोह प्रत्येक गटाला होतो, आणि तो घातक असतो. मग अधिवासातला फरक कोणता आणि कानातला फरक कोणता, हे शेवटपर्यंत सुटत नाही. चौघांनी एका बिंदूवर उभे राहून एकत्र मोजणेही टाळावे. आठ डोळ्यांना जास्त दिसते, पण आठ पाय जास्त वाजतात, आणि एखाद्या दिवशी एक जण आला नाही की श्रमाचे मापच बदलते. दोघांची जोडी योग्य, एक पाहणारा-ऐकणारा, दुसरा फक्त लिहिणारा, आणि ही वाटणी प्रकल्प संपेपर्यंत कायम.

हे सारे एकत्र बसते की नाही, ते एका आराखड्यात पाहू. चार विद्यार्थी, म्हणजे दोन जोड्या. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीबाहेरची दोन गावे निवडावीत, जिथे धानाची बांधी आणि जंगलाची कड दोन्ही जवळ आहेत. नवेगाव-नागझिऱ्याच्या आत संशोधनासाठी वनविभागाची रीतसर परवानगी लागते, तिथे पहाटे पायी फिरता येत नाही, आणि प्रवेशद्वार उघडल्यावर जिप्सीतून रस्त्याकडेला केलेली मोजणी रस्त्याचीच होते. प्रत्येक गावात बांधीत आठ आणि जंगलकाठी आठ, असे एकूण बत्तीस बिंदू होतात. बिंदू नकाशावर अडीचशे मीटरच्या जाळीने पाडावेत, पाहून आवडलेल्या जागी नव्हे. नाहीतर सगळे बिंदू तलावाच्या पाळीवर आणि पांदणीवर येतात, कारण तिथे चालायला बरे वाटते आणि पक्षीही पुष्कळ दिसतात. बिंदू उन्हाळी धानाच्या चिखलात आला तर पन्नास मीटरच्या आतल्या सर्वांत जवळच्या धुऱ्यावर उभे राहायचे, हा नियम आधीच लिहून ठेवावा. तळ्याच्या पाण्यात आला तर बिंदू रद्द. मामा तलावांवरची बदके आणि पाणकोंबड्या यांची मोजणी बिंदुगणनेचे काम नाही, ती पाळीवर उभे राहून दुर्बिणीने पूर्ण करायची असते.

दहा मिनिटांची मोजणी, स्थिरावण्याची दोन मिनिटे आणि चालणे धरून एका बिंदूला वीस मिनिटे लागतात. आठ बिंदू दोन तास चाळीस मिनिटांत, तीन तासांच्या मर्यादेत होतात. प्रत्येक सकाळी एका जोडीने एका गावची बांधी करायची आणि दुसरीने त्याच गावची जंगलकड, पुढच्या फेरीत अदलाबदल. प्रत्येक बिंदूला चार भेटी, दोन एका जोडीच्या, दोन दुसरीच्या, आणि प्रत्येक जोडीची एक भेट सुलट क्रमाने, एक उलट. हिशेब केला तर हे सारे आठ सकाळींत बसते. वारा किंवा पावसाने बुडणाऱ्या दोन-तीन सकाळी धरल्या तरी एका महिन्यात काम संपते. एवढे करूनही एक मर्यादा मान्य करावी लागते. बिंदू बत्तीस असले तरी गावे दोनच आहेत, आणि एकमेकांशेजारचे बिंदू एकाच गावाची गोष्ट सांगतात. निष्कर्ष त्या दोन गावांचा म्हणूनच लिहावा, ‘गोंदिया जिल्ह्यातील पक्षी’ असे मोठे शीर्षक देऊ नये.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. अमेरिकेतले डग्लस जॉन्सन यांनी 2008 मध्ये असे मांडले, की आढळशक्यता मोजण्याच्या पद्धतींनाही स्वतःची गृहीतके असतात, ती अनेकदा मोडतात, आणि नीट प्रमाणित केलेला साधा निर्देशांक बऱ्याच प्रश्नांना पुरतो. हे खरे आहे. एकाच तळ्याकाठी, त्याच महिन्यात, त्याच वेळी, त्याच माणसाने वर्षानुवर्षे मोजणी केली, तर कल पाहायला साधे आकडे पुरतील. तिथे सूत्रांचा अट्टहास नको. पण आपला प्रश्न दोन अधिवासांच्या तुलनेचा आहे, आणि ज्या गोष्टीची तुलना करायची त्याच गोष्टीबरोबर, म्हणजे झाडोऱ्याबरोबर, आढळशक्यताही बदलते. निर्देशांकाचा बचाव इथे लागू पडत नाही. उलट बाजूने, भेटींच्या साध्या आकड्यांवरून थेट एकूण संख्या काढून देणारी प्रारूपेही आहेत, आणि त्यांचा मोह विद्यार्थ्यांना होतो, कारण संगणक उत्तर देतोच. बार्कर आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये दाखवले, की अंतर किंवा दुसऱ्या निरीक्षकाची जोडमाहिती नसताना अशी प्रारूपे अगदी वेगळ्या संख्या तितक्याच आत्मविश्वासाने देऊ शकतात. म्हणून व्याप्ती आणि दोन पट्ट्यांची तुलना इथपर्यंतच थांबणे पदव्युत्तर प्रकल्पाला शोभते.

दुसरा आक्षेप असा, की ई-बर्डवर हजारो याद्या तयार असताना हा खटाटोप कशासाठी? ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हे 2020 आणि 2023 चे अहवाल अशाच याद्यांवर उभे आहेत, त्यांची उपयुक्तता वादातीत आहे. पण त्या याद्यांचे बळ त्यांच्या प्रचंड संख्येत आहे. एका जिल्ह्यातल्या दोन गावांच्या बांधी आणि जंगलकडेसाठी अशा याद्या मूठभरही नसतात, आणि असतात त्या नवेगावबांधच्या तलावावर आणि सफारीच्या वाटांवर दाटलेल्या असतात. मारुती चितमपल्ली यांच्या लेखनामुळे मराठी वाचकाला नवेगावबांध पक्ष्यांमुळे माहीत झाले. पर्यटकही तिथेच जातात, आणि याद्याही तिथूनच येतात. तिसरी सूचना येते ती पट्टा-पद्धतीची, म्हणजे सरळ रेषेत चालत मोजण्याची. उघड्या बांधीत ती तासागणिक जास्त पक्षी देते, हे मी मान्य करतो, आणि फक्त शेतातले चंडोल आणि तीरचिमण्या मोजायच्या असतील तर तीच घ्यावी. जंगलकाठी काट्याकुट्यांतून चालताना मात्र लक्ष पायाखाली राहते, आणि दोन अधिवासांत दोन पद्धती वापरल्या की तुलना पुन्हा बिघडते.

नोंदपत्रकात काय असावे याची चर्चा पुढे सविस्तर येईल. इथे दोन गोष्टींचा आग्रह धरतो. एक, दहा मिनिटांचे दोन भाग पाडून पक्षी पहिल्या पाचांत सापडला की नंतरच्या पाचांत, हे लिहावे. खर्च काहीच नाही, आणि नंतरच्या पाचांत नव्या पक्ष्यांची भर पडतच राहिली तर पाच मिनिटांची गणना इथे अपुरी आहे हे पुराव्याने सांगता येते. भर पडणारे पक्षी बाहेरून आत येणारे असतील तर तेही शेऱ्यात दिसते. दोन, ज्या बिंदूवर काहीच मिळाले नाही त्याचे पत्रकही भरावे, वेळ, वारा, धुके आणि निरीक्षकाच्या नावासकट. गटातल्या कोणाला तरी कोरे पत्रक निरुपयोगी वाटते आणि ते फायलीतून गळते, आणि मग आढळशक्यता होती त्यापेक्षा जास्त दिसू लागते.

प्रकल्प सादर झाल्यावर बिंदूंचे अक्षांश-रेखांश, फिती बांधलेल्या झाडांची यादी आणि मूळ पत्रके, कोऱ्या पत्रकांसकट, विभागाच्या कपाटात ठेवून जावीत. पुढच्या वर्षीच्या तुकडीला त्याच बत्तीस बिंदूंवर, त्याच महिन्यात उभे राहता आले, तरच कोणाला तरी कल पाहता येईल.